यात्रेत ऐकलेले गाणे: ढोलकीच्या मात्रांनी हरवलेले शब्द कसे मोजावेत

प्रश्न: चैत्रातल्या आमच्या गावच्या यात्रेत रात्री तमाशामध्ये एक गाणे ऐकले. ती लावणी होती की दुसरे एखादे लोकगीत, हेही मला नक्की सांगता येत नाही. ढोलकी ‘धाऽ धिं ना, धाऽ तिं ना’ अशी काहीशी डोक्यात बसली आहे. शब्द तुटक आठवतात: ‘पैंजण’, ‘सोडा वाट’ (किंवा ‘सोड वाट’), ‘पाण्याला जाताना’, आणि एका ओळीच्या शेवटी ‘भरली घागर’. फोनवर काही टिपून ठेवले नाही. नंतर पुष्कळ शोधले, पण प्रत्येक वेळी भलतीच गाणी समोर येतात. एवढ्यावरून गाणे ओळखता येईल का?

उत्तर:

तुमच्याजवळ जे आहे ते वाटते तितके थोडे नाही, मात्र ते वेगळ्या क्रमाने वापरावे लागेल. शब्द शोधखिडकीत टाकून गाणे मिळत नाही याचे कारण असे की ‘पैंजण’, ‘घागर’, ‘पाणी’ आणि ‘वाट’ हे चारही शब्द शेकडो लावण्यांत आणि गवळणींत आहेत, आणि म्हणून ते एकेकटे काहीच ओळखून देत नाहीत. ते उपयोगी पडतात ते तालाच्या आवर्तनात ज्या जागी बसले होते त्या जागेसकट. मी अनेक वर्षे ढोलकीची साथ केली आणि पुढे जुन्या वह्यांतली गाणी वाचून लावण्याचे काम केले. त्या कामात हरवलेला शब्द सापडतो तो बहुधा आठवणीतून नव्हे, तर त्याच्यासाठी रिकाम्या राहिलेल्या मात्रांतून. तुमच्याच तुकड्यांवर ते करून दाखवतो.

आधी ताल ठरवू. तुम्ही लिहिलेल्या ‘धाऽ धिं ना, धाऽ तिं ना’ या बोलांचे दोन अर्थ होतात. ‘धा’पुढची ‘ऽ’ ही खूण पूर्ण एक मात्रा धरली, तर ‘धा – धिं ना’ अशा चार आणि पुढच्या चार मिळून आठ मात्रा होतात, म्हणजे केरव्याच्या घरातले काहीतरी. ती खूण म्हणजे नुसता ‘धा’चा लांब उच्चार असेल, तर ‘धा धिं ना, धा तिं ना’ असा सहा मात्रांचा सरळ दादरा होतो. ऐकणाऱ्याच्या आठवणीत हे दोन्ही एकसारखेच उतरतात, कारण दोन्हींत पहिल्या अर्ध्या भागात डाव्या तोंडाचा घुमारा भरपूर असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात तो ओसरून उजव्या शाईचा टणत्कार वर येतो. फरक ओळखण्यासाठी बोल म्हणू नका, चाला. खोलीत गाणे गुणगुणत प्रत्येक मोठ्या ठोक्यावर पाऊल टाका. आठ मात्रांत पावलांच्या मध्ये सम संख्येने ठोके पडतात आणि चाल सरळ राहते. सहा मात्रांत दर तिसऱ्या ठोक्याला पाऊल पडते, त्यामुळे अंग झोक्यासारखे डावीकडे-उजवीकडे झुलू लागते. सात मात्रांत पाऊल लंगडते, पण यात्रेतल्या फडावर सात मात्रा क्वचितच भेटतात. त्या बैठकीच्या लावणीत अधिक, आणि तुमच्या बोलांत त्यांची चाहूल नाही.

अंगाच्या साक्षीवर विसंबायचे नसेल, तर शब्दांची साक्ष घ्यावी, आणि माझ्या मते ती अधिक भरवशाची असते. लावणीची रचना बहुतेक मात्रांवर चालते. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार स्पष्ट उच्चारला जात असेल, किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या ह्रस्वावर येत असेल, तर त्या ह्रस्वाच्याही दोन. बोलताना आपण ‘घागर’मधला शेवटचा ‘र’ हलन्त करतो, पण गाताना तो पूर्ण उच्चारला जातो, म्हणून त्याची एक मात्रा धरायची. आता मोजू. ‘भरली’ म्हणजे एक, एक आणि दोन, एकूण चार. ‘घागर’ म्हणजे दोन, एक आणि एक, तेही चार. दोन्ही मिळून नेमक्या आठ. ‘पैंजण’ चार. ‘सोडा वाट’ म्हणजे दोन, दोन, दोन आणि एक, अशा सात, आणि ओळीच्या टोकाला श्वासाची एक धरली की आठ. ‘पाण्याला जाताना’ यातली सहाही अक्षरे दीर्घ आहेत, म्हणजे बारा.

चार, आठ, आठ, बारा. सगळे तुकडे चारच्या पटीत पडतात. तीनच्या पटीत फक्त बारा जातात, आणि तिथेही शब्द तीन-तीन मात्रांत मोडत नाहीत. ‘पाण्या’ म्हणताच चार मात्रा होतात आणि दादऱ्याचा दुसरा ठोका ‘ण्या’च्या पोटात पडतो. दादऱ्यात सहज बसणारे शब्द ‘रंग’, ‘सांज’, ‘कशी’, ‘जरा’ असे तीन मात्रांचे असतात आणि तुमच्याकडे त्यांपैकी एकही नाही. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’मध्ये आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तनी आणि सहा मात्रांच्या आवर्तनाला भृंगावर्तनी म्हटले आहे. तुमचे गाणे पद्मावर्तनी दिसते आणि ढोलकी केरव्याच्या अंगाने वाजत असली पाहिजे. एका तुकड्यावरून मी हे म्हणालो नसतो, कारण गाणारी बाई एखादे ह्रस्व अक्षर सहज दोन मात्रा ओढते. पण चार वेगवेगळे तुकडे एकाच मापात बसतात, तेव्हा तो योगायोग राहत नाही.

आता तुमच्या कंसातल्या शंकेकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. ‘सोडा वाट’ की ‘सोड वाट’? एका कान्याचा हा फरक गाण्याची जात बदलतो. गवळणीत वाट अडवणारा कृष्ण असतो आणि त्याच्याशी गौळणी एकेरीत बोलतात, म्हणून तिथे ‘सोड’ येते. लावणीत समोर राया, पाव्हणा, दाजी किंवा शेटजी असतो, आणि तक्रार कितीही लटकी असली तरी ती बहुधा आदरार्थी बहुवचनात होते, म्हणून ‘सोडा’. शिवाय ‘सोड वाट’ मोजून पाहा: दोन, एक, दोन, एक. सहा मात्रा, आणि त्याही तीन-तीनच्या दोन नीट जोड्यांत. म्हणजे ‘सोड’ खरे असेल तर त्या ओळीपुरता दादरा शक्य होतो आणि वर काढलेल्या अनुमानाला तडा जातो. ‘सोडा’ असेल तर ते आठ मात्रांच्या बाजूने आणखी एक साक्ष देते. बाकीचे तुकडे पाहता माझा कल ‘सोडा’कडे आहे. मात्र केवळ एकेरी-बहुवचनावर निकाल देऊ नका, कारण आठ मात्रांतल्या गवळणीही भरपूर आहेत आणि लावणीतही मधेच एकेरीवर येण्याची रीत आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कर्ण्यातून किंवा फुटक्या आवाजाच्या ध्वनिवर्धकातून गाणे ऐकताना व्यंजने आधी जातात. स, श आणि च एकमेकांत मिसळतात, ण आणि न यांत भेद उरत नाही, आणि फडावर ‘पाणी’चे ‘पानी’ तसेही होत असते. स्वर मात्र लांबपर्यंत शाबूत पोचतात. त्यामुळे तुमच्या आठवणीतला ‘आ’ किंवा ‘ई’ मी व्यंजनांपेक्षा अधिक खरा मानतो. ‘सोडा’मधला ‘डा’ लांब ऐकू आला होता का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. ‘स’ होता की ‘च’ याची चिंता करू नका.

गवळण की लावणी हे ठरवायला रंगमंचाचीही मदत होते. ढोलकी-फडाच्या तमाशाचा क्रम बराचसा ठरलेला असतो. ढोलकी-हलगीच्या सलामीनंतर गण, मग गवळण, पुढे रंगबाजीतल्या लावण्या आणि शेवटी वग. गवळणीत मावशी आणि पेंद्या येतात, मावशीच्या वेशात पुरुष असतो आणि दोन ओळींच्या मध्ये संवाद घुसतात. गाणे चालू असताना मंचावर मावशी होती असे आठवत असेल, तर शोध तिथेच वळवावा. तुम्ही ‘रात्री’ एवढेच लिहिले आहे. कार्यक्रम सुरू होऊन अर्धा तास झाला होता की दोन तास, हे सोबतच्या कोणाला तरी विचारा.

आता रिकाम्या मात्रांकडे येऊ. ‘पाण्याला जाताना’ हा बारा मात्रांचा तुकडा आठच्या दोन आवर्तनांत बसवला की सोळापैकी चार रिकाम्या राहतात. त्या तुकड्याच्या पुढे आहेत की मागे, हे ठरवता आले तर अर्धे काम झाले. आणि तुमच्याजवळ चार मात्रांचा एक सुटा शब्द आहेच: ‘पैंजण’. हे दोन तुकडे तुम्ही वेगवेगळे लिहिले असले, तरी मूळ गाण्यात ते शेजारी असण्याची दाट शक्यता मला दिसते. रचना दोन प्रकारे होऊ शकते.

। पाण्याला जा । ताना पैंजण ।

। (चार मात्रांचा शब्द) पाण्या । ला जाताना ।

पहिल्या रचनेत दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे ढोलकीचा भरदार घुमारा, ‘ता’वर पडतो. दुसऱ्या रचनेत तो ‘ला’वर पडतो, आणि आरंभी ‘राया’, ‘सजणा’ किंवा ‘पैंजण’च असा चार मात्रांचा कोणताही शब्द असू शकतो. आता तो तुकडा मोठ्याने म्हणा आणि तुम्हाला आठवणारा मोठा ठोका हाताने मांडीवर द्या. हात ‘जाताना’च्या मधोमध पडतो की ‘पाण्याला’च्या शेवटच्या अक्षरावर? शब्दाच्या मध्ये सम येणे विचित्र वाटेल, पण लावणीत ते नेहमीचे आहे, किंबहुना त्यातच तिचा ठसका आहे. हात ‘ता’वर पडला, तर ‘पाण्याला जाताना पैंजण’ असा सलग सोळा मात्रांचा चरण हाती येतो. अशी ओळ शोधायला चार सुट्या शब्दांहून फार निराळी.

आरंभीच्या रिकाम्या मात्रा माणूस का विसरतो, याचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने मला ‘कानी आली चाहुल’ एवढाच तुकडा दिला होता. त्या तो म्हणून दाखवत तेव्हा ‘कानी’वर सम देत, आणि तसे म्हटले की ‘कानी आली’ यात एक आवर्तन भरत असे, ‘चाहुल’च्या चार मात्रा दुसऱ्या आवर्तनात जात आणि मग चार मात्रांचा विराम उरत असे. मी त्यांना विचारले, की ‘चाहुल’ म्हटल्यावर ढोलकी लगेच वाजली की थोडी थांबून. त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, “लगेच. शब्द संपायच्या आत ढोलकीवाल्याने जोरात थाप दिली आणि मागच्या मंडळींनी ओळ उचलली.” म्हणजे विराम नव्हताच. चार मात्रांची जागा शेवटी नव्हे, तर आरंभी होती, आणि ‘कानी’ समेवर नसून पाचव्या मात्रेवर होते:

। (– – – –) कानी । आली चाहुल ।

त्या गाण्याला आरंभी चार मात्रांचा एक शब्द होता आणि तो त्यांच्या कानावर पडलाच नव्हता, कारण त्या वेळी प्रेक्षकांत शिट्ट्या चालू होत्या. पुढे त्याच फडाच्या एका जुन्या गायिकेच्या वहीत ते ध्रुवपद मिळाले. पहिला शब्द ‘अवचित’ होता. एक, एक, एक, एक. बाईंनी त्याआधी दोन वर्षे ‘क’पासून सुरू होणाऱ्या लावण्या पालथ्या घातल्या होत्या. छापील संग्रहांच्या अनुक्रमणिका ध्रुवपदाच्या पहिल्या अक्षरावर लावलेल्या असतात, आणि ध्वनिफितींची नावेही पहिल्या ओळीवरूनच पडतात. श्रोत्याला मात्र ओळीची शेपटी आठवते, कारण झीलकरी नेमकी तीच पुन्हा पुन्हा उचलतात. तुमचा शोध फसण्यामागेही बहुधा हेच आहे. ‘भरली घागर’ हा स्पष्टपणे शेवटचा तुकडा आहे, तेव्हा त्याने सुरू होणारे गाणे शोधण्यात अर्थ नाही.

हरवलेल्या शब्दांच्या उलट काही शब्द आठवणीत फुकटचे शिरतात. ‘गं बाई’, ‘अहो’, ‘हो जी’, ‘राया’ आणि ‘सख्या’ हे भरतीचे शब्द गाणारी व्यक्ती मात्रा भरण्यासाठी आयत्या वेळी घालते. एका रात्री ‘राया’ असेल तर दुसऱ्या रात्री ‘सजणा’. दोन्ही चार मात्रांचे, त्यामुळे ढोलकीला काहीच फरक पडत नाही. छापील पाठात त्या जागी तिसराच शब्द असू शकतो. म्हणून शोध घेताना हे शब्द वगळावेत आणि त्यांच्या मात्रा तेवढ्या मोजाव्यात. बोलीतली रूपेही तशीच: फडावर ‘व्हता’ आणि ‘येल’ ऐकले, तरी वहीत ‘होता’ आणि ‘वेल’ लिहिलेले असते.

यमकाकडे मी नेहमी सर्वांत शेवटी जातो, कारण त्याने आठवण उघडते तशी बिघडतेही. लावणीच्या कडव्याची एक नेहमीची घडण अशी असते, की दोन-तीन चरण आपापसांत यमक जुळवतात आणि कडव्याचा शेवटचा चरण ध्रुवपदाच्या यमकावर परत येतो, म्हणजे मग ध्रुवपद उचलता येते. तुमच्या तुकड्यांत ‘घागर’ आणि ‘वाट’ यांचे यमक जुळत नाही. त्यामुळे यांपैकी एक ध्रुवपदातला आणि दुसरा कडव्यातला असावा. पुन्हा पुन्हा ऐकल्याची आठवण कशाची आहे? ‘सोडा वाट’ ची असेल, तर ध्रुवपदाच्या जोडीला ‘थाट’, ‘घाट’ किंवा ‘लाट’ असे काही असणार, आणि ‘घागर’च्या मागेपुढे कडव्यात ‘पदर’, ‘कंबर’ किंवा ‘नजर’ अशा शेवटाच्या ओळी असणार. पण हे शब्द वाचण्याआधी तुम्हाला जे काही आठवते ते कागदावर लिहून काढा. मी ‘पदर’ सुचवला की पाच मिनिटांनी तुम्हाला ‘पदर’ खरेच ऐकल्यासारखा वाटू लागेल, आणि मग तुमची साक्ष आणि माझी सूचना वेगळ्या करता येणार नाहीत. हे मी स्वतः एकदा केले आहे, आणि त्यानंतर माणसाला यमक सुचवण्याआधी त्याच्याकडून लिहून घेण्याची सवय लावून घेतली.

आणखी एक अडथळा वेगाचा. लावणी शेवटाकडे जाताना ढोलकी दुगुनीत जाते, हलगी तडतडू लागते, चाळांचा आवाज वर येतो आणि श्रोता घरी घेऊन जातो तो हा शेवटचा मिनिटभर. तीच लावणी ध्वनिमुद्रणात संथ आलापाने किंवा निम्म्या लयीत सुरू होते. अनेक जण पहिल्या वीस सेकंदांत ‘हे ते नव्हे’ म्हणून योग्य गाणेच बंद करतात. तुम्हाला एखादे गाणे जवळपास वाटले, तर ते शेवटच्या कडव्यापासून ऐका. उलट बाजूने, तुमच्या आठवणीतली लय निम्मी करून म्हणून पाहा. ‘भरली घागर’ निम्म्या लयीत म्हणताना दोन शब्दांच्या मध्ये ढोलकीच्या घिश्श्याला जागा मिळते आणि तेव्हा मूळ चाल लक्षात येऊ लागते.

शोध सुरू करण्याआधी हे गाणे चित्रपटातले तर नव्हे, याची खात्री करून घ्यावी. यात्रेतल्या रंगबाजीत चित्रपटातल्या लावण्या भरपूर होतात आणि त्यात कमीपणा काही नाही. ओळखण्याची खूण दोन कडव्यांच्या मधल्या जागेत असते. चित्रपटगीताच्या मधले संगीत ठरलेले असते. तेवढ्याच लांबीचा तोच सूर कीबोर्डवर किंवा पेटीवर दोन्ही वेळा जसाच्या तसा येतो, आणि नाचही त्यावर बसवलेला असतो. फडाच्या स्वतःच्या लावणीत ती जागा ढोलकीची आणि पदन्यासाची असते. प्रेक्षकांनी दाद दिली तर तोडा लांबतो, नाही दिली तर आटोपतो, आणि मग ‘जी जी’ म्हणत झील पुढे येते. तुमच्या आठवणीत ढोलकी इतकी ठळक आहे, पण मधला सूर एकही नाही, यावरून हे गाणे फडाचे असावे असे मला वाटते. शेवटच्या कडव्यात एखाद्या शाहिराचे नाव आले होते का, हेही आठवून पाहा. होनाजी बाळा, सगनभाऊ, पठ्ठे बापूराव अशी नाममुद्रा शेवटच्या कडव्यात गुंफण्याची परंपरा आहे, आणि ती सापडली तर शोध एका माणसाच्या रचनांपुरता उरतो. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये वारले. त्यांच्या नावाची ओळ असलेली रचना छापील संग्रहांत मिळण्याची शक्यता बरीच असते. मात्र नुसते नाव ऐकले म्हणून निःशंक होऊ नये, कारण मोठ्या शाहिराचे नाव दुसऱ्याच्या रचनेला जोडल्याचे प्रकारही वह्यांत दिसतात.

हे सर्व धरून तुमच्या गाण्याचे माझे वर्णन असे आहे: आठ मात्रांची, केरव्याच्या अंगाची, पाणवठ्याच्या वाटेवरची, बहुधा रंगबाजीतली फडाची लावणी. ध्रुवपदात ‘सोडा वाट’ असावे. एका चरणात ‘पाण्याला जाताना पैंजण’ सलग असण्याची शक्यता आहे. ‘भरली घागर’ कडव्यातल्या एका चरणाचा शेवट आहे. गाण्याचे नाव मी सांगू शकत नाही, आणि एवढ्या सामग्रीवर कोणी छातीठोकपणे सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाणवठा आणि अडवलेली वाट हा विषय इतका वापरला गेला आहे की याच वर्णनाची दहा-वीस गाणी निघतील. त्यांतून नेमके वेगळे काढायला समेची जागा, म्हणजे ‘ता’ की ‘ला’, आणि ध्रुवपदाच्या आरंभीच्या मात्रा रिकाम्या आहेत की नाहीत, ही दोन उत्तरे तुमच्याकडून हवीत.

ती मिळवण्यासाठी फोनवर स्वतःचाच आवाज टिपा. आधी शब्दांशिवाय फक्त मांडीवरचा ठेका द्या, निदान आठ आवर्तने होईपर्यंत, म्हणजे लय स्थिर होते. मग ठेका न थांबवता ‘ला ला’ करत चाल गुणगुणा आणि शेवटी जिथे शब्द आठवतात तिथेच ते घाला. आठवत नाही तिथे ‘ला ला’ चालू ठेवा, गप्प बसू नका. उलटे केले, म्हणजे आधी शब्द म्हणून मग ठेका धरला, तर हात शब्दांच्या मागे जातो, प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर सम पडू लागते आणि हव्या असलेल्या रिकाम्या जागा बुजून जातात. असे टिपण दोन वेगळ्या दिवशी करा. दोन्ही टिपणांत ज्या जागी हात सारखा पडला ती जागा खरी धरायची.

टिपण झाले की यात्रा समितीकडून फडाचे नाव घ्या. सुपारी कोणाला दिली होती हे समितीच्या हिशेबात असते, आणि गावात लागलेल्या पत्रकावरही ते छापलेले असते. नारायणगावात राहुटीवर जाऊन सुपारी ठरवली असेल, तर फडाच्या व्यवस्थापकाचा संपर्कही समितीजवळ असेल. व्यवस्थापकाला ‘पाण्याची लावणी कोणती’ असे विचारू नका. तो त्याच्या नित्याच्या चार लावण्यांची नावे सांगून मोकळा होईल. ढोलकीवाल्याशी बोलू द्या एवढीच विनंती करा, आणि त्याला शब्दांआधी ठेक्याचे टिपण ऐकवा. नाचणाऱ्या बाईंच्या साडीचा रंग, गाण्याआधी झालेली बतावणी, नंतर काय झाले, असे जे आठवेल ते सांगा. साथ करणारा गाण्याला पहिल्या ओळीने ओळखत नाही, कुठे दुगुन केली आणि कुठे तोडा संपवला याने ओळखतो. माझ्याकडे कोणी आले की मीही आधी बोटे वाजवायलाच सांगतो.

गाणे त्या फडाच्या शाहिराने अलीकडेच रचलेले असेल, तर ते कोणत्याही संग्रहात किंवा ध्वनिफितीत मिळणार नाही. ते फक्त फडाच्या वहीत असेल, आणि पुढच्या हंगामात त्याचे शब्द थोडे बदललेलेही असतील. म्हणून फोन लवकर करा. उन्हाळ्यातल्या यात्रा आटोपल्या की फड उलगडतो, मंडळी आपापल्या गावी जातात, आणि त्या वर्षीचा ढोलकीवाला दसऱ्यानंतर त्याच फडावर परत येईलच असे नाही.